मोहरीचं तेल धुरावर नेताना नेमकं कुठे थांबायचं

प्रश्न: मी पहिल्यांदाच कच्च्या घाणीचं मोहरीचं तेल आणलं. सगळे सांगतात की धूर येईपर्यंत तापवायचं, म्हणून मोठ्या आचेवर दोन-तीन चमचे तेल चांगला धूर निघेपर्यंत तापवलं आणि लगेच पाँचफोरन, म्हणजे पाच अख्ख्या मसाल्यांचं बंगाली मिश्रण, टाकलं. बंगाली पद्धतीचा माशाचा रस्सा कडू झाला. दुसरीकडे चोखा आणि वाफवलेल्या इलिश माशामध्ये हेच तेल कच्चं घालतात असं वाचलं. मग तापवायचं कधी, आणि किती? उन्हाळ्यात उत्तर भारतीय पद्धतीचं कैरीचं लोणचंही याच तेलात घालायचं आहे.

उत्तर:

रस्सा कडू होण्यात तेलाचा दोष फार कमी असावा. कच्च्या मोहरीच्या तेलाची चव झणझणीत असते, उग्र असते, पण ती कडू नसते. कडवटपणा तुमच्या कढईत तयार झाला आहे, आणि तो कसा झाला हे कळण्यासाठी आधी झणका कुठून येतो ते पाहू.

आपल्याकडे फोडणीत मोहरी तडतडते तेव्हा ती नाकात जात नाही. तीच मोहरी थोडं पाणी घालून फेसली की डोळ्यांत पाणी येतं. दाणा एकच, मग फरक कशाचा? अख्ख्या दाण्यात झणका तयार स्वरूपात नसतोच. त्याचा कच्चा माल एका कप्प्यात असतो आणि त्याचं झणक्यात रूपांतर करणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. दाणा फुटला आणि ओलावा मिळाला की दोन्ही एकत्र येतात आणि अ‍ॅलाइल आयसोथायोसायनेट नावाचा पदार्थ तयार होतो. फोडणीत दाणा गरम तेलात पडताच ते एन्झाइम निकामी होतं, म्हणून तिथे झणका उठत नाही. घाणीवर मात्र दाणे मंद गतीने, फारसे न तापता चिरडले जातात आणि वर पाण्याचा हबकाही मारतात. म्हणजे घाणीत मोठ्या प्रमाणावर मोहरी फेसलीच जाते. तयार झालेला झणका तेलात विरघळतो आणि तेलाबरोबर बाटलीत येतो. वजनाने तो एक टक्क्याहूनही कमी असतो, पण नाकाला तेवढा पुरतो.

हा पदार्थ उडून जाणारा आहे. एकटा असताना तो साधारण १५० अंश सेल्सिअसला उकळतो. तेलात विरघळलेला असल्यामुळे तो एका झटक्यात निघून जात नाही, पण तेल तापत जाईल तसा वेगाने बाहेर पडतो. मोहरीचं तेल धूर सोडू लागतं ते मात्र २५० अंशांच्या आसपास, आणि तेल जुनं किंवा गाळ असलेलं असेल तर त्याच्याही खाली. याचा अर्थ झणका घालवायला धूर लागत नाही, धुराच्या बऱ्याच आधीच तो जायला लागलेला असतो. धूर ही फक्त खूण आहे. थर्मामीटर नसलेल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या ती चालत आली, कारण धुराची पहिली रेघ दिसली म्हणजे तेल झणका जाण्याच्या तापमानाच्या कितीतरी पुढे आलं आहे याची खात्री असते. धूर दिसला की काम संपलेलं असतं. बहुतेक जण नेमकं उलटं समजतात, की धुरामुळे उग्रपणा जातो, म्हणून धूर जास्त तितकं तेल चांगलं. तुमच्याही बाबतीत हेच झालं असावं.

मी हे एका बंगाली स्वयंपाकघरात शिकलो. तिथल्या मुख्य आचाऱ्यांनी मला पहिले काही दिवस तेल तापवण्याखेरीज काहीच करू दिलं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं, तेल डोळ्यांनी नाही, आधी नाकाने बघायचं. पुढे मी थर्मामीटर लावून तेच पाहिलं आणि त्यांचं नाक किती अचूक होतं ते कळलं.

तुम्हीही एकदा फक्त तेल तापवून बघा, स्वयंपाक बाजूला ठेवून. जाड बुडाच्या लोखंडी कढईत १०० मिलिलिटर तेल घ्या, म्हणजे साधारण अर्धी वाटी. आच मध्यम ठेवा आणि खिडकी उघडी. सुरुवातीला तेल गडद, सोनेरी-तांबूस दिसेल आणि कडेला बारीक बुडबुडे येतील. तो आत अडकलेला ओलावा आहे. थोड्या वेळाने, १५० अंशांच्या आगेमागे, कढईवर वाकलात तर मोहरी फेसताना होतं तसं नाकाच्या शेंड्यात झणझणेल. हाच झणका बाहेर पडतो आहे. अजून तापलं की हा त्रास हळूहळू कमी होतो आणि भाजलेल्या दाण्यांसारखा गोडसर वास येऊ लागतो. त्याच सुमारास तेलाचा रंग उतरायला लागतो, कारण त्यातली पिवळी-तांबूस रंगद्रव्यं उष्णतेने मोडतात. गडद तेल फिकट पिवळं झालेलं दिसतं. मग पृष्ठभाग थरथरतो, तेल पाण्यासारखं पातळ हलतं, आणि शेवटी कडेकडून धुराची एक बारीक, निळसर रेघ वर जाते. ती दिसली, गॅस बंद. कढई जाड असेल तर आतल्या उष्णतेने तेल आणखी थोडं वर चढेल, म्हणूनच दाट धुराची वाट पाहायची नाही.

आता तुमच्या कढईकडे येऊ. दोन-तीन चमचे तेल मोठ्या कढईत म्हणजे बुडावरचा पातळ थर. मोठ्या आचेवर तो थर थरथरण्यापासून भडक धुरापर्यंत काही सेकंदांत जातो. मधल्या सगळ्या खुणा बघायला वेळच मिळत नाही. तेल त्यापुढे तापत राहिलं की ते स्वतःच मोडू लागतं, त्यातून अ‍ॅक्रोलीन नावाचा घशाला खवखवणारा वायू निघतो आणि चव जळकट होते. या दोन त्रासांतला फरक ओळखायला शिका, फार उपयोगी पडतो. मोहरीचा झणका नाकाच्या शेंड्यात जातो, तीव्र असतो आणि दोन श्वासांत ओसरतो. जळणाऱ्या तेलाचा धूर घशात बसतो, खोकला आणतो, आणि खिडकी उघडली तरी तासभर रेंगाळतो. पहिला त्रास होत असेल तर तेल अजून तयार व्हायचं आहे. दुसरा सुरू झाला तर तुम्ही पुढे गेला आहात.

पण माझा खरा संशय पाँचफोरनवर आहे. त्यात मेथी असते, आणि मेथी करपली की तिच्याइतकं कडू दुसरं काही नाही. धूर सोडणारं तेल २५० अंशांजवळ असतं, तर मेथी, जिरं, बडीशेप, कलौंजी यांना फुलायला १७०-१८० अंश भरपूर होतात. धुराच्या तेलात ती पडता क्षणी काळी होतात. तेल तापवणं आणि फोडणी करणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांच्यामध्ये थंड होण्याचा वेळ द्यावाच लागतो. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग एक मेथीचा दाणा टाका. तो सावकाश फुलून बदामी झाला तर बाकीचं घाला. लगेच काळा पडला तर तो काढून टाका आणि आणखी थोडं थांबा.

दोघांपैकी दोष कुणाचा होता हे पुढच्या वेळी सहज कळेल. तापवलेल्या तेलाचे चार थेंब फोडणीच्या आधी बशीत काढा, गार होऊ द्या, चाखा. ते कडू असेल तर तेल जळलं, ओतून द्या, कारण कुठलाही मसाला ते झाकणार नाही. ते गोडसर असेल आणि रस्सा तरी कडू झाला तर मेथी करपली. एक सावधगिरी राहिली. धुरावरच्या तेलात ओला मासा किंवा ओली भाजी कधीही सोडू नका, आणि तेलाने पेट घेतलाच तर पाणी न मारता गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवा.

आता, कधी तापवायचं. पदार्थाचं नाव पाहून ठरवण्यापेक्षा मी एकच गोष्ट विचारतो: तेल घातल्यानंतर ते स्वतः कधी कडक तापणार आहे का? रस्सा, डाळ, भाजी यांत एकदा पाणी आलं की सगळं १०० अंशांच्या आसपास अडकतं. तिथे कच्चं तेल घातलं तर पंधरा मिनिटं उकळूनही ते वर तरंगत राहतं आणि तोंडात कच्चट लागतं. म्हणून ज्या पदार्थाची सुरुवात तेलात परतण्याने होते आणि पुढे पाणी पडणार असतं, तिथे तेल आधी तापवायचं. काश्मिरी मटणाचे पदार्थ, बंगाली झोल, पंजाबी साग, बिहारी भाज्या, सगळीकडे हेच दिसतं. काश्मीरमध्ये तर बरंच तेल एकदम तापवून, गार करून बरणीत भरून ठेवायची रीत आहे. ते तेल रोजच्या वापराला पुन्हा धुरावर न्यायचं नसतं. एकदा धूर सोडलेलं तेल दुसऱ्या वेळी आणखी कमी तापमानाला धूर सोडतं आणि लवकर खवट होतं, म्हणून अशी बरणी झाकून, उजेडापासून दूर ठेवावी आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावी असं मी सांगतो.

याउलट जिथे झणकाच हवा असतो तिथे तापवणं म्हणजे तेलाचं वैशिष्ट्यच काढून घेणं. भाजलेल्या वांग्या-बटाट्याच्या चोख्यात, कुस्करलेल्या बटाट्याच्या बंगाली आलू भातेमध्ये, झालमुडी या चुरमुऱ्यांच्या भेळेत कच्चं तेल चटणीसारखं काम करतं. बटाट्याचा मऊ, पिठूळ गोडवा आणि त्यावर नाकात जाणारा झणका, यातच त्या पदार्थाची मजा आहे. धूर काढलेलं तेल घातलं तर चोखा नुसता तेलकट लागतो. वाफवलेल्या इलिशचंही तसंच. तिथे मोहरी-मिरचीचं वाटण आणि कच्चं तेल माशाला चोळून डबा झाकतात. झाकणामुळे झणक्याचा काही भाग आतच राहतो, बाकीचा वाफेबरोबर निवळतो, आणि जे उरतं ते नेमकं हवं तेवढं असतं. तंदूरच्या मॅरिनेडमध्ये कच्चं तेल चालतं ते वेगळ्या कारणाने: तुकड्याचा पृष्ठभाग उघड्या आगीत एवढा तापतो की झणका तिथेच उडून जातो.

मधला रस्ताही आहे आणि मला तो फार आवडतो. तेल धुरापर्यंत न नेता, गोडसर वास येऊन रंग उतरू लागला की आच मंद करायची आणि तीन-चार मिनिटं तसंच ठेवायचं. थोडा झणका मागे राहतो. पालेभाजी किंवा फ्लॉवर-बटाट्यासारख्या साध्या भाजीला हे तेल फार छान लागतं. पण याला नाक सरावलेलं हवं, म्हणून पहिले पाच-सहा वेळा तुम्ही धुराच्या रेघेवरच भरवसा ठेवा.

तुमचा माशाचा रस्सा पुन्हा करायचा तर असा करा. रोहूचे पाच तुकडे, साधारण अर्धा किलो, हळद-मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि तळायच्या आधी स्वच्छ कापडाने टिपून कोरडे करा. कढई लहान घ्या, त्यात ८० मिलिलिटर तेल. मध्यम आचेवर धुराची पहिली रेघ येऊ द्या, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग मध्यम आच पुन्हा लावून मासा सोडा. असं तापलेलं तेल मासा पटकन पकडतं, कातडी कढईला चिकटत नाही. हे तापवण्याचं दुसरं कारण आहे, आणि मासे खाणाऱ्यांसाठी पहिल्याइतकंच महत्त्वाचं. दोन्ही बाजू सोनेरी झाल्या की तुकडे काढा. तेलात मसाल्याचे आणि माशाचे कण उरलेले असतात, ते गाळून घ्या, आणि दोन मोठे चमचे तेल कढईत ठेवून बाकीचं बाजूला काढा. आता हे तेल पुन्हा धुरावर न्यायचं नाही. ते फक्त गरम असावं. त्यात अर्धा चमचा पाँचफोरन आणि दोन चिरलेल्या हिरव्या मिरच्या. मेथी बदामी झाली की बटाट्याच्या फोडी, हळद, जिऱ्याची पूड, थोडं परतणं, मग दोन वाट्या गरम पाणी आणि मीठ. बटाटा शिजला की मासे सोडा, पाच मिनिटं उकळा, गॅस बंद. आणि आता शेवटी एक लहान चमचा कच्चं मोहरीचं तेल वरून सोडून लगेच झाकण ठेवा. पाच मिनिटांनी झाकण उघडाल तेव्हा वास काय येतो ते बघा. तापवलेल्या तेलाने रस्सा मऊ केला आणि कच्च्या चमचाभराने मोहरीची ओळख परत आणली. (इलिश असेल तर हा तळण्याचा भाग जवळपास सोडूनच द्या. त्याच्या अंगातच एवढं तेल असतं की कडक तळल्याने मासा वाया जातो.)

दोन गोष्टी थोडक्यात. बाटलीवर रिफाइंड लिहिलेलं असेल तर ही सगळी खटपट नको. कारखान्यात वास काढतानाच झणका निघून गेलेला असतो, ते इतर कुठल्याही तेलासारखं फोडणीपुरतं गरम करा. आणि तापवल्याने तेल आरोग्याला "सुरक्षित" होतं हा समज सोडा. अमेरिकेत या तेलाच्या बाटल्यांवर फक्त बाह्य वापरासाठी असं लिहिलेलं असतं, ते त्यातल्या इरुसिक आम्लामुळे. ते आम्ल तेलाचाच घटक आहे, झणक्यासारखं उडून जाणारं नाही. धुरावर नेलं तरी ते होतं तिथेच राहतं. तापवणं हा चवीचा उपाय आहे.

लोणच्याचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे तेल परतायला नाही, फोडी हवेपासून झाकायला असतं. उत्तरेत दोन्ही पद्धती चालतात. काही घरांत कच्चं तेल घालून बरणी उन्हात ठेवतात, आणि आठवडे जातील तसा उग्रपणा बसतो. काही घरांत तेल धुरावर नेऊन, गार करून घालतात. पहिल्यांदाच करत असाल तर दुसरी पद्धत घ्या, लोणचं लवकर खाण्याजोगं होतं.

यात चूक एकाच ठिकाणी होते: तेल गरम असतानाच ओतलं जातं. लोणच्याच्या मसाल्यात भरड कुटलेली मोहरी असते आणि तिच्यातलं एन्झाइम अजून जिवंत असतं. कैरीचा रस लागला की तीच मोहरी बरणीत हळूहळू झणका तयार करणार असते, तापवताना तेलातून जे गेलं ते भरून काढणार असते. गरम तेल पडलं की ते एन्झाइम मरतं, मोहरी फक्त कडवट उरते, आणि वर फोडीही मऊ पडतात. आपल्याकडच्या लोणच्याची फोडणी आजी पूर्ण गार करायला लावायची, त्यामागे हेच कारण होतं. म्हणून तेल आदल्या रात्री तापवा, कढईवर जाळीचं झाकण घालून रात्रभर राहू द्या. सकाळी कढईचं बूड तळहाताला अजिबात उबदार लागलं नाही पाहिजे. मग मसाला लावलेल्या फोडी बरणीत दाबून भरा आणि तेल फोडींच्या वर बोटभर येईल इतकं ओता. दोन दिवसांनी फोडी तेल पितात आणि पातळी खाली जाते, त्यासाठी तापवून गार केलेलं थोडं तेल बाजूला काढून ठेवा आणि वरून भर घाला.